ॲडापॅलीन जेल

ॲडापॅलीन हे मुरुमांवर बाहेरून लावण्याचे, रेटिनॉइड गटातील कृत्रिम औषध आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१६ मध्ये त्याचे ०.१ टक्का जेल १२ वर्षे व त्यावरील व्यक्तींसाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मान्यता दिली.

== रेटिनॉलपासून वेगळेपण ==

रेटिनॉल हे जीवनसत्त्व अ चे एक रूप असून त्वचेत त्याचे दोन टप्प्यांत रेटिनॉइक आम्लात रूपांतर झाल्यावरच ते कार्य करते. ॲडापॅलीन पेशींतील रेटिनॉइड ग्राहींशी थेट जोडले जाते आणि छिद्रे बुजण्यास प्रतिबंध करते. अमेरिकेत रेटिनॉलची उत्पादने सहसा सौंदर्यप्रसाधने म्हणून विकली जातात, तर ॲडापॅलीन हे औषध आहे.

== वापराची सुरुवात ==

रात्री चेहरा सौम्य साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करावा. वाटाण्याएवढे जेल केवळ फोडांवर न लावता मुरुम येणाऱ्या संपूर्ण भागावर पातळ पसरावे. डोळे, ओठ व जखमा टाळाव्यात. नाजूक त्वचेस पहिले दोन आठवडे एक रात्र सोडून लावल्यास दाह कमी होतो. आरंभी कोरडेपणा येतो, साल निघते, कधी मुरुम वाढल्यासारखे दिसतात. म्हणून अनेक जण घाईने उपचार सोडतात. परिणाम दिसण्यास साधारण ८ ते १२ आठवडे लागतात. तीव्र जळजळ वा सूज आल्यास मात्र वापर थांबवावा. दिवसा सनस्क्रीन लावावे. गर्भवतींनी हे जेल टाळावे. तीन महिन्यांत फरक न पडल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.