जॅम कधी उतरवायचा?

स्ट्रॉबेरीचा जॅम पुष्कळदा पातळच राहतो, कारण या फळात पेक्टिन मुळातच कमी. जॅम घट्ट धरतो तो या पेक्टिनमुळे. साखरेने पाणी ओढून घेतलं आणि लिंबाचा आंबटपणा मिळाला, की त्याचे धागे एकमेकांत गुंततात. म्हणून किलोभर फळाला पाऊण किलो साखर आणि दोन लिंबांचा रस घ्यावा. त्यात थोडी कमी पिकलेली फळंही टाकावीत. त्यांत पेक्टिन जास्त असतं.

बुडबुडे जड होऊन सावकाश फुटू लागले की फ्रीजरमधल्या गार बशीवर चमचाभर जॅम टाका. तेवढा वेळ गॅस बंदच ठेवा, नाहीतर तपासेपर्यंत पातेल्यातला जॅम पुढे जातो. मिनिटभराने बोटाने ढकला. सुरकुती पडली तर झाला. बोटाची वाट लगेच बुजली तर आणखी दोन-तीन मिनिटं उकळा.

थर्मामीटरवाले १०५ अंश सांगतात, पण तो आकडा समुद्रसपाटीचा. महाबळेश्वरला पाणीच ९५-९६ अंशांना उकळतं. तिथे १०५ची वाट पाहिलीत तर करपट, चिवट गोळा हाती येईल. गार बशीची परीक्षा मात्र मुंबईत आणि महाबळेश्वरात सारखीच चालते.