तीस लाख आणि तेलघाणा

खासगी कारखान्यातून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्या कामगाराच्या खात्यात भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी जमा होते, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदाच एवढी रक्कम एकगठ्ठा दिसते. समजा, ती तीस लाख आहे. निवृत्तिवेतन मात्र तुटपुंजे. कर्मचारी पेन्शन योजनेत वेतनाची मर्यादा 2014 पर्यंत साडेसहा हजार आणि नंतर पंधरा हजार रुपये राहिली, त्यामुळे तीस वर्षे नोकरी करूनही हाती साधारण साडेचार हजारच येतात. म्हणजे ही तीस लाखांची रक्कमच त्याचे खरे पेन्शन असते.

ती ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवली तर? या योजनेची कमाल मर्यादा नेमकी तीस लाख आहे. साठी न गाठलेल्या निवृत्ताला, वय पंचावन्नच्या पुढे असेल तर, निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत खाते उघडता येते. 8.2 टक्के दराने दर तिमाहीला 61,500 रुपये, म्हणजे महिन्याला 20,500. पेन्शन धरून पंचवीस हजार. पाच वर्षे यात एक रुपयाही कमी होत नाही, पण वाढतही नाही आणि महागाई तर थांबत नाही. शिवाय मुदत संपल्यावर त्या वेळचा दर मिळतो. 2020 ते 2022 या काळात तो 7.4 टक्क्यांवर होता. म्हणून धंद्याचा विचार मनात येणे अगदी स्वाभाविक आहे.

सध्या गावोगावी दिसणारा लाकडी तेलघाणा घेऊ. घाणा, गाळणी व इतर यंत्रे चार लाख, गाळ्याची अनामत आणि फर्निचर तीन लाख, थ्री-फेज वीजजोडणी व परवाने एक लाख, शेंगदाण्यांचा साठा अडीच लाख आणि हाताशी दीड लाख. असे बारा लाख घातले, तर उरलेल्या अठरा लाखांचे व्याज महिना 12,300. घरात येणारी खात्रीची रक्कम पंचवीस हजारांवरून 16,800 वर येते, आणि तीही पहिल्या दिवसापासून. घाण्याला गिऱ्हाईक लागायला मात्र वेळ लागतो.

आता धंद्याने किती कमवायला हवे? इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो, कारण गल्ल्यात उरलेले सगळे पैसे नफाच वाटतात. बारा लाखांचे बुडालेले व्याज महिना 8,200. आठ वर्षांत झिजणाऱ्या यंत्रांपोटी सुमारे 4,200. स्वतः दिवसभर उभे राहायचे, त्याची मजुरी निदान पंधरा हजार. एकूण 27,400. यात गाळ्याचे भाडे दहा हजार आणि मदतनिसाचे दहा हजार मिळवले की 47,400 होतात.

दहा किलो शेंगदाण्यातून घाण्यावर साधारण चार किलो, म्हणजे सव्वाचार लिटरच्या थोडे वर तेल निघते. दाणे 120 रुपये किलो, तेल 340 रुपये लिटर आणि पेंडीचे दोनेकशे रुपये धरले, तर वीज, बाटल्या व घट वजा जाता दहा किलोमागे 380 रुपये उरतात. महिन्याचे सव्वीस दिवस घाणा चालला, तर रोज अठ्ठेचाळीस किलो दाणे गाळून एकवीस लिटर तेल विकले गेले पाहिजे. एका कुटुंबाला महिन्याला चार लिटर लागते असे धरले, तर ही झाली सुमारे एकशे पस्तीस घरे, दर महिन्याला परत येणारी. उद्घाटनाच्या आठवड्यात नातेवाईक आणि जुने सहकारी एकेक बाटली नेतात, त्यांना या आकड्यात धरता येत नाही. दाण्यांचा भाव किलोमागे वीस रुपयांनी चढला आणि तेलाचा दर तोच राहिला, तर 380 चे 180 होतात.

धंदा बंद करायची वेळ आली, तर बारा लाखांपैकी अनामत परत मिळते. घाणा मात्र जुन्या यंत्राच्या भावाने विकावा लागतो, फर्निचरचे काहीच येत नाही. चाळिशीतल्या माणसाला ही खोट भरून काढायला वीस वर्षे मिळतात. साठीच्या माणसाला पुन्हा पगार मिळणार नसतो, आणि या वयात गुडघ्याचे एक ऑपरेशन झाले तरी दुकानाचे शटर दोन-तीन महिने खाली राहते.

म्हणून आधी तीसच्या तीस लाख व्याजाला लावावेत, हे बरे. वर्षानंतर पण दोन वर्षांच्या आत खाते मोडले तर दीड टक्का, त्यानंतर एक टक्का कापला जातो. म्हणजे थांबण्याचा हा खर्च फार नाही. दरम्यान गाळा न घेता, नियमाप्रमाणे अन्नविक्रीची नोंदणी करून, दुसऱ्याच्या घाण्यावर मजुरी देऊन दाणे गाळून घ्यावेत आणि सहा महिने घरोघरी तेल पोहोचवावे. यात पन्नास-साठ हजार अडकतील. वहीत प्रत्येक घरापुढे तारीख लिहावी. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तेल मागवणारी घरे साठ-सत्तरवर पोहोचली, तरच बारा लाखांचा विचार सुरू करावा, आणि तोही बायकोने ती वही पाहिल्यावर, कारण तिचा म्हातारपणाचा आधारही त्याच तीस लाखांत असतो.