पेटीचे आठ कोपरे

कंटेनर येण्यापूर्वी पोती, पिंपे, खोकी असा सुटा माल गोदीतले कामगार एकेक करून जहाजात रचत. त्यात आठवडाही जाई आणि मालवाहू जहाजाचा बराचसा काळ धक्क्यावरच सरे. २६ एप्रिल १९५६ रोजी ट्रकवाहतूकदार माल्कम मॅकलीन यांचे ‘आयडियल एक्स’ जहाज ५८ पेट्या घेऊन अमेरिकेतल्या नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले. सुटा माल चढवायला टनाला ५.८६ डॉलर लागत. या पद्धतीत हिशेब १६ सेंटांच्या आत आला.

तरीही केवळ पेटीने जग बदलले नसते. मॅकलीनची पेटी ३५ फुटी, तर मॅटसन कंपनीची २४ फुटी. एकाची पेटी दुसऱ्याच्या क्रेनला चालेना. खरी किमया, माझ्या मते, कोपऱ्यांची आहे. अभियंता कीथ टँटलिंगर यांनी पेटीच्या आठही कोपऱ्यांना भोके असलेले पोलादी ठोकळे बसवले. भोकात शिरलेली खुंटी फिरवली, की पेटी क्रेनला, ट्रकला किंवा खालच्या पेटीला घट्ट अडकते. मॅकलीन यांनी या पेटंटचा हक्क सर्वांसाठी मोकळा केला. पुढे आंतरराष्ट्रीय मानके ठरली, २० आणि ४० फुटी पेट्या रूढ झाल्या आणि जहाजाचा बंदरातला मुक्काम दिवसांवरून तासांवर आला.

मात्र बंद पेटीचे वजन बाहेरून कळत नाही. खोटे वजन लिहिलेली जड पेटी वर रचली गेली, तर खालची रास कोसळू शकते. म्हणून जुलै २०१६ पासून जहाजावर चढण्याआधी प्रत्येक भरलेल्या पेटीचे प्रमाणित वजन कळवणे सक्तीचे झाले.