मधल्या गटातली बाई

आमच्या तक्त्यात ती तिसऱ्या गटात बसली होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत उत्पन्न विचारत नाहीत. घर कशाचं, संडास, फ्रीज, दुचाकी आहे का, असे प्रश्न विचारून संपत्तीचा निर्देशांक काढतात आणि कुटुंबांचे पाच गट पाडतात. आम्हीही तेच प्रश्न घेतले होते. बीड जिल्ह्यातल्या तिच्या गावी स्लॅबचं घर आणि दुचाकी होती, म्हणून ती मधल्या गटात गेली. पण सातव्या महिन्यात तिचं हिमोग्लोबिन ६.८ भरलं होतं. गरोदरपणात ७ च्या खाली गेलं की तो तीव्र रक्तक्षय.

साखर कारखान्याजवळच्या कोपीत बसून मी तिचं माता-बाल कार्ड पाहिलं. चौथ्या महिन्यात ९.४ आणि लोहाच्या गोळ्या दिल्याची नोंद. त्यानंतर ऑक्टोबरात ऊसतोडीची टोळी निघाली आणि पुढचे रकाने कोरेच. गावच्या आशाताईंच्या यादीत ती ‘बाहेरगावी’ होती, कारखान्याजवळच्या यादीत तिचं नावच नव्हतं. दवाखान्यात जायचं तर खाडा पडतो. नवराबायको मिळून एक कोयता धरतात, त्यामुळे ती गेली की त्याचंही काम अडतं आणि तो खाडा उचलीच्या हिशोबात चढतो. “मुकादम नाही म्हणत न्हाई, पण धरतो,” ती म्हणाली. गोळ्यांची पिशवी मेढीला टांगलेली होती, निम्मी भरलेली. उपाशीपोटी घेतल्या की मळमळतं, आणि तिचा दिवस पहाटे उपाशीच सुरू होतो. कागदावर मात्र ‘गोळ्या दिल्या’.

परत येऊन आकडेमोडीला बसले तेव्हा दुसरीच अडचण समोर आली. शिक्षण, दवाखान्याचं अंतर आणि झालेल्या तपासण्या समीकरणात घातल्या की गरीब आणि श्रीमंत गटांतली रक्तक्षयाची दरी जवळजवळ मिटत होती. ‘उत्पन्नाचा परिणाम नाही’ असं एक वाक्य आमच्या पहिल्या खर्ड्यात आलंसुद्धा. ते मी खोडलं. चुकलेली तपासणी ही गरिबीपासून वेगळी गोष्ट नाही, गरिबी शरीरापर्यंत पोचते ती याच वाटेनं. ती वाट सारखी करून टाकली तर ज्याचं स्पष्टीकरण द्यायचं तेच पुसलं जातं. मग आधी नुसते गट ठेवले आणि एकेक घटक घालत दरी किती कमी होते ते मांडलं. यातून कारण सिद्ध होत नाही, कुठे शोधायचं एवढं कळतं. मातामृत्यूंची गटवार तुलना आम्ही केलीच नाही. एवढ्या नमुन्यात मृत्यू मोजकेच सापडतात, आणि एकदोन इकडचे तिकडे झाले की निष्कर्ष उलटतो.

पुढच्या फेरीत दोन प्रश्न वाढवले: वर्षातले किती महिने गावाबाहेर असता, आणि उचल घेतली आहे का. निर्देशांकाचा जुना प्रश्नही तिला पुन्हा विचारला, घर पक्कं आहे ना?

“पक्कं हाय की. पर आम्ही तिथं पावसाळाभरच असतो.”