तीन गुणांचं उत्तर किती ओळींचं?

सकाळी 6:30. मार्च संपत आला की कळमनुरीत ऊन नऊलाच तापतं, म्हणून मी लवकर येतो. प्रयोगशाळेचं कपाट उघडून दहावीच्या विज्ञान भाग 1 चा गठ्ठा काढतो. पेपर 40 गुणांचा, वेळ दोन तास. म्हणजे मुलाच्या हातात एका गुणामागे तीन मिनिटं. वाचण्याची आणि विचार करण्याची वजा केली तर दोनच. तपासताना हा हिशेब मी डोक्यात ठेवतो. दोन गुणांच्या प्रश्नाला कुणी पान भरलं असेल, तर त्याची वेळ दुसऱ्या कुठल्या तरी प्रश्नातून गेलेली असते, आणि शेवटच्या पाच गुणांच्या प्रश्नाखाली ती कोरी जागा बहुतेक सापडतेच.

गठ्ठा गोपनीय असतो, त्यामुळे इथे प्रश्न पुस्तकातले घेतो. चुका मात्र खऱ्या जातीच्या आहेत.

7:00. शास्त्रीय कारण लिहा : थंड प्रदेशात हिवाळ्यात नळ फुटतात. गुण 2. उत्तराला हात लावण्याआधी मी बाजूच्या कागदावर लिहून ठेवतो, की या दोन गुणांत काय काय आलं पाहिजे. एक, 4 अंशांच्या खाली पाणी आकुंचन न पावता प्रसरण पावतं. दोन, पाइपात त्या वाढीव आकारमानाला जागा नसते, भिंतींवर दाब येतो आणि पाइप फुटतो. हा कागद आधी लिहायचा. उत्तर वाचून मग लिहिला, तर नकळत त्या उत्तराच्याच मापाचा होतो.

पहिल्या मुलीने अडीच ओळी लिहिल्यात. दोन्ही मुद्दे आहेत. 2. पुढच्याने पाऊण पान लिहिलंय : पाणी म्हणजे जीवन, पाण्याच्या तीन अवस्था, असंगत आचरणाची व्याख्या, होपच्या उपकरणाचं वर्णन, आणि शेवटी ‘म्हणून नळ फुटतात’. 4 अंश आहे, प्रसरण आहे. पाइप कुठेच नाही! पाणी फुगलं, पण ते कशात अडकलं हे मुलाने लिहिलंच नाही. 1.

लांब उत्तराची खोड ही, की त्यातलं सगळं बरोबर असतं. चूक सापडत नाही म्हणून हात आपोआप पूर्ण गुणांकडे जातो. इथे चूक शोधायचीच नसते, काय राहिलं ते शोधायचं असतं.

8:15. सकाळची शाळा, नववीचा सराव. प्रश्न : बस अचानक थांबली की प्रवासी पुढे का झुकतात? गुण 2. एका मुलाने अकरा ओळी लिहिल्या होत्या, त्या फळ्यावर उतरवल्या. मग एकेक वाक्य पुसायला लावलं. अट एकच : पुसल्यावर ‘का’चं काही गेलं का, ते वर्गाने सांगायचं. ‘आपण नेहमी बसने प्रवास करतो.’ गेलं काही? नाही. ‘न्यूटन हे थोर शास्त्रज्ञ होते.’ नाही. ‘पायांचा भाग बसबरोबर थांबतो.’ इथे वर्ग ओरडला, ते राहू द्या सर. शेवटी फळ्यावर दोन वाक्यं उरली. दुसरं होतं, शरीराचा वरचा भाग जडत्वामुळे गतीतच राहतो.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलीची वही आली. उत्तर एकच शब्द : ‘जडत्वामुळे.’

“एक गुण,” मी म्हणालो.

“सर, जडत्व म्हणजे तेच की,” ती म्हणाली.

“तेच म्हणजे काय, ते लिही. नाव तू बरोबर घेतलंस, पण प्रवासी पुढेच का गेला, मागे का नाही, ते या एका शब्दातून कळतं का?”

ती थोडा वेळ थांबली, मग लिहायला लागली. तिला आणखी एकच वाक्य लागलं.

11:45. शाळा सुटली. डबा, गारेगार माठाचं पाणी, पुन्हा प्रयोगशाळा.

12:30. दुपारची वेळ धोक्याची. डोळा जड होतो आणि भरलेलं पान बघून बरं वाटायला लागतं. म्हणून सकाळच्या पहिल्या पाच उत्तरपत्रिकांतला एक तरी प्रश्न या वेळी परत वाचायचा, अशी सवय लावून घेतलीय. आज एके ठिकाणी अर्ध्या गुणाचा फरक निघाला. सकाळी मी कडक होतो.

1:15. आजचा खरा पेच. निकटदृष्टिता म्हणजे काय? कारणे व उपाय लिहा. गुण 3. माझ्या कागदावर : जवळचं स्पष्ट दिसतं ½, दूरचं धूसर ½, कारणं दोन, म्हणजे नेत्रभिंगाची व पारपटलाची वक्रता वाढणं ½ आणि नेत्रगोल लांबट होणं ½, उपाय, योग्य नाभीय अंतराचं अंतर्गोल भिंग, 1.

पहिली उत्तरपत्रिका पुरवणी जोडलेली, उत्तर दीड पान. डोळ्याची रचना, समायोजन शक्ती, व्याख्या दोनदा, ‘नेत्रगोल लांबट होतो’ हेच तीन वेगवेगळ्या शब्दांत, मग न विचारलेली दूरदृष्टिता. शेवटी ‘डॉक्टरांकडे जाऊन योग्य चष्मा घ्यावा’. व्याख्येचा 1, कारणाचा ½. भिंग कोणतं, हे दीड पानात नाही. 1½. दूरदृष्टितेचे गुण कापले नाहीत. न विचारलेलं लिहिलं म्हणून शिक्षा नाही. मात्र त्याने ‘बहिर्गोल किंवा अंतर्गोल’ असं दोन्ही लिहिलं असतं, तरी उपायाचा गुण दिला नसता. दोन्ही दगडांवर पाय ठेवणाऱ्याला उत्तर माहीत असतं असं धरता येत नाही.

दुसऱ्या उत्तरपत्रिकेतलं उत्तर पाच ओळींचंही नाही. दोन आकृत्या. एकीत समांतर किरण दृष्टिपटलाच्या अलीकडे मिळतात, दुसरीत डोळ्यापुढे अंतर्गोल भिंग आणि किरण बरोबर पटलावर. सगळ्या भागांना नावं. खाली दोन्ही कारणं, एकेका वाक्यात. ‘म्हणजे काय’चं वाक्य मात्र नाही.

अर्धवट म्हणू की पूर्ण? शेजारी दुसरा गठ्ठा तपासणाऱ्या मॅडम म्हणाल्या, “आकृती एवढी छान आहे, तीन देऊन टाका की सर.” छान आहे, हे कबूल. पण प्रश्न ‘म्हणजे काय’ असा आहे.

2:00. नियामकांना फोन.

“किरण समांतर काढलेत का?” त्यांनी विचारलं.

“हो, पट्टीने.”

“समांतर म्हणजे वस्तू दूरची. तिची प्रतिमा पटलावर नाही, म्हणजे दूरचं धूसर, हे आकृतीत आलं. जवळचं स्पष्ट दिसतं, हे आलंय कुठं?”

नव्हतंच आलं. ते आलं असतं, तर जवळच्या वस्तूचे किरण वेगळे काढावे लागले असते.

“मग अडीच. आणि सर, असं उत्तर आधी कुठं आलं असलं तर तिथंही अडीचच.”

फोन ठेवला आणि आठवलं, काल संध्याकाळी अशीच आकृती होती. वाक्य नाही म्हणून मी व्याख्येचा पूर्ण गुण कापला होता.

4:30. आजची बेरीज दोनदा झाली, मॅडम गेल्या. कालचा गठ्ठा दोरी बांधून कपाटात होता. गाठ सोडली. खालून चौथ्या उत्तरपत्रिकेत ती सापडली. दोनाचे अडीच केले, शेजारी सही, मुखपृष्ठावरची बेरीज बदलली, तिथंही सही. दोरी परत बांधली.