‘जागा आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर

कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला आपण कितीही नावं ठेवली, तरी तिथे कुणी कोड्यात बोलत नाही हे मान्य करावं लागतं. उंची, पगार, पत्रिका, घर स्वतःचं की भाड्याचं, सगळं आधीच कागदावर आलेलं असतं. कोण कुठे बसणार, दोघांना गच्चीत किती वेळ बोलू देणार, हेही ठरलेलं. पुढे जायचं की नाही ते मध्यस्थ फोन करून कळवतो. ज्याला समोरच्याच्या नजरेतून, सूचक बोलण्यातून, अर्धवट हसण्यातून अर्थ काढणं जड जातं, अशा ऑटिस्टिक म्हणजे स्वमग्न माणसाला ही पद्धत बऱ्यापैकी सोयीची पडते. निदान न होताच या वाटेने संसाराला लागलेली माणसं आपल्या आधीच्या पिढ्यांत थोडीथोडकी नसावीत.

तोच माणूस समलिंगी असला तर मात्र ही सोय संपते. त्याच्यासाठी मध्यस्थ नसतो, मावशी-आत्यांची चौकशी नसते आणि ठरलेला कार्यक्रमही नसतो. उलट इथे सगळं सूचक ठेवण्याचीच रीत आहे, आणि तिला कारणही तसंच आहे. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं कलम 377 रद्दबातल केलं, तोवर उघड बोलणं धोक्याचं होतं. त्यामुळे इशारे, आडवळणाचे प्रश्न आणि गाळलेल्या जागा यांची एक भाषाच तयार झाली. कायदा बदलला तरी घरच्यांची आणि शेजाऱ्यांची भीती आहे तिथेच आहे, म्हणून ती भाषाही टिकून आहे. न बोलता समजून घेण्याची ही परीक्षा नेमकी त्या माणसापुढे येते, ज्याला न बोललेलं समजत नाही.

अशी माणसं मूठभर असतील असं वाटत असेल, तर केंब्रिज विद्यापीठातले दोन अभ्यास पाहण्याजोगे आहेत. 2020 साली वरुण वॉरियर आणि सहकाऱ्यांनी सहा लाखांहून अधिक लोकांची माहिती तपासली. जन्मतः नोंदवलेलं लिंग आपलं न मानणाऱ्यांमध्ये ऑटिझमचं प्रमाण इतरांच्या साधारण 3 ते 6 पट निघालं. दुसऱ्या वर्षी त्याच विद्यापीठातून आलेल्या पाहणीत ऑटिस्टिक प्रौढांनी स्वतःला अलैंगिक म्हणवण्याचं प्रमाण कितीतरी जास्त होतं, आणि समलिंगी किंवा उभयलिंगी आकर्षण सांगणारेही जास्त होते. ऑटिस्टिक माणसांना ‘त्यातलं’ काही नसतं, ती कायम लहान मुलासारखी राहतात, असा आपल्याकडे पक्का समज आहे. या पाहणीत 70 टक्के ऑटिस्टिक पुरुषांनी आणि 76 टक्के स्त्रियांनी लैंगिक संबंध असल्याचं सांगितलं. अर्थात ही माहिती स्वतःहून फॉर्म भरणाऱ्यांची आहे. ज्यांना बोलता-लिहिता येत नाही, ते यात जवळजवळ नाहीतच.

हे दोन्ही एकत्र का आढळतं, याचं ठाम उत्तर कुणाकडे नाही. गर्भातल्या संप्रेरकांचा एक सिद्धान्त आहे, तो सिद्ध झालेला नाही. मला दुसरं स्पष्टीकरण जास्त पटतं. ‘चारचौघांसारखं’ वागण्याचा दाब ज्याच्यावर मुळातच कमी पडतो, तो आपल्या मनातलं लवकर मान्य करतो आणि विचारलं की खरं सांगतो. म्हणजे काही अंशी फरक असण्यात नसून कबूल करण्यात असेल.

एक उदाहरण घेऊन बघू. समजा, पुण्यातला सत्तावीस वर्षांचा एक प्रोग्रामर आहे, समलिंगी आणि ऑटिस्टिक. डेटिंग ॲपवर त्याला मेसेज येतो, “जागा आहे का?” तो प्रामाणिकपणे लिहितो की दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, रूममेट महिनाअखेरीस जाणार आहे, भाडं अमुक. समोरच्याला वाटतं हा थट्टा करतोय, आणि तो ब्लॉक करून निघून जातो. ॲपवर या तीन शब्दांचा अर्थ ‘आत्ता एकांतात भेटता येईल का’ असा होतो. हे कुणी कुणाला शिकवलेलं नसतं. बाकीचे चुकतमाकत, मित्रांच्या हसण्यावरून शिकतात. याला मित्रच कमी, त्यामुळे चूक झाली एवढंच कळतं, कुठली झाली ते कळत नाही.

पुढे एकाशी सूर जुळतो आणि फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका कॅफेत भेट ठरते. शनिवार संध्याकाळ असते. कॉफीचं यंत्र फुसफुसतंय, मिक्सर चालू आहे, शेजारच्या टेबलावर वाढदिवस, समोरच्याने उग्र सेंट मारलेला. आपल्या कानामागचा गोंगाट मेंदू आपोआप मागे ढकलतो. या मुलाला मिक्सर आणि समोरच्याचं बोलणं सारख्याच जोराने ऐकू येतात. त्यात नजरेला नजर द्यायची, हसू चेहऱ्यावर ठेवायचं, आपली पाळी कधी ते मोजायचं. याला ऑटिस्टिक माणसं मुखवटा म्हणतात. तासाभराने त्याचा चेहरा कोरा पडतो, उत्तरं एका शब्दावर येतात. समोरच्याला वाटतं, याला आपल्यात रस नाही. निघताना तो म्हणतो, “बघू, भेटू पुन्हा कधीतरी.” आपल्याला हा नकार कळतो. हा मुलगा तीन दिवस ‘कधी?’ असं विचारत राहतो आणि शेवटी त्याच्यावर मागे लागल्याचा ठपका येतो.

दोष सगळा त्याचा असं धरून चालण्याची आपली सवय आहे. ब्रिटनमधले डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत आणि समाजशास्त्राचे अभ्यासक आहेत. 2012 साली त्यांनी म्हटलं की गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो, ऑटिस्टिक माणसाला इतर जेवढे कळत नाहीत तेवढाच तोही इतरांना कळत नाही. एडिंबरा विद्यापीठात कॅथरीन क्रॉम्प्टन यांनी 2020 मध्ये याची एक पडताळणी प्रसिद्ध केली. आठआठ जणांच्या साखळीत एकाने ऐकलेली गोष्ट दुसऱ्याला सांगायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट जेवढी शाबूत पोचली, तेवढीच सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या साखळीतही पोचली. ती जास्त गळली मिश्र साखळीत. वरच्या उदाहरणातला मुलगा दुसऱ्या ऑटिस्टिक मुलाला भेटला असता, तर दोघं कदाचित रेल्वेच्या वेळापत्रकावर दोन तास बोलले असते आणि ‘आता मला घरी जायचंय’ असं सांगून उठले असते. कुणालाच राग आला नसता.

भेटीच्या पुढचा टप्पा स्पर्शाचा, आणि त्यावर आपल्याकडे सर्वांत कमी बोललं जातं. बऱ्याच ऑटिस्टिक माणसांना हलका, ओझरता स्पर्श खुपतो आणि घट्ट, स्थिर दाब बरा वाटतो. अमेरिकेतल्या टेम्पल ग्रँडिन यांनी तरुणपणी स्वतःसाठी दोन्ही बाजूंनी दाबणारं एक यंत्रच बनवलं होतं, कारण माणसाची मिठी त्यांना सोसत नव्हती आणि दाब मात्र हवा होता. प्रेमात गोंजारणं म्हणजे माया, असं आपण धरून चालतो. दंडावरून बोटं फिरवली आणि जोडीदाराने हात झटकला, तर तो नकार माणसाला नसतो, त्या बोटांना असतो. चुंबनात टूथपेस्टचा पुदिना नको होतो, दाढीचे खुंट टोचतात, पंख्याची घरघर चालू असली तर कशातच मन लागत नाही. पेस्ट बदलणं, दाढी नीट करणं किंवा वाढू देणं, जाड पांघरूण घेणं, दिवा मंद करणं अशा फुटकळ बदलांनी यातलं बरंच सुटतं. मात्र ते आधी, कपडे घालून, शांत डोक्याने बोलायला लागतं.

काहींचा प्रश्न उलटा असतो, स्वतःच्या शरीरात काय चाललंय हेच उशिरा कळतं. धडधड होतेय ती ओढ आहे की भीती, याचा उलगडा दुसऱ्या दिवशी होतो. त्यातच लहानपणापासून ‘मोठे सांगतात तसं कर’ असं शिकवलेलं असतं आणि ताण वाढला की बोलणं बंद पडतं. अशा वेळी ‘नाही म्हटलं नाही’ म्हणजे होकार, असं मानणारा जोडीदार धोक्याचा. थांबण्याची खूण आधी ठरवावी, पलंगावर दोनदा थाप किंवा फोनवर टाइप केलेला एक शब्द. ती खूण आली की कारण न विचारता थांबावं.

लिंगभावाच्या बाबतीत कपड्यांचं कोडं हमखास पडतं. चौदा वर्षांची मुलगी जरीचा ड्रेस घालत नाही, केस कापून मागते, पाळीच्या दिवसांत आकांत करते. आई म्हणते, हिला टोचतं. मुलगी म्हणते, मी मुलगी नाही. दोन्ही खरं असू शकतं, आणि तपासायची एक साधी रीत आहे. तेच टोचणारं कापड मुलांच्या कुर्त्यात शिवलं तर चालतं का? मऊ सुती फ्रॉक, लेबल काढून, तरी नको आहे का? पॅड बदलून त्रास कमी होतो, की पाळी येण्याचीच घृणा आहे? महिनोन्‌महिने नोंद ठेवली की चित्र स्पष्ट व्हायला लागतं. एका बैठकीत निकाल लावणाऱ्या तज्ज्ञापासून दूर राहावं, मग तो निकाल ‘हो’ असो की ‘नाही’. आणि ‘ऑटिझममुळे हिच्या डोक्यात हे खूळ शिरलंय’ हे वाक्य तर निदान म्हणून टिकतच नाही. अमेरिकेत 2018 साली तज्ज्ञांनी एकत्र येऊन किशोरवयीनांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा रोख असा, की ऑटिझम असेल तर तपासणीला जास्त वेळ द्या, पण तेवढ्यावरून नकार देऊ नका.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. नॅशनल ट्रस्टच्या 1999 च्या कायद्याने ऑटिझम असलेल्या प्रौढासाठी पालकत्व घेता येतं. ज्याला आयुष्यभर आधार लागणार आहे त्याच्यासाठी ही तरतूद मोलाची आहे. पण स्वतः कमावणारा, बँकेचं खातं चालवणारा मुलगा समलिंगी आहे हे कळल्यावर ‘त्याला काय कळतंय’ म्हणत कुणी तिचा धाक घातला, तर तो कायद्याचा गैरवापर आहे. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा ऑटिझमला दिव्यांगतेत मोजतो आणि लैंगिक व प्रजनन आरोग्यसेवेचाही उल्लेख करतो.

ॲपवरून एकट्याला बोलावून मारहाण करायची, घरी सांगण्याची धमकी देऊन पैसे उकळायचे, असे प्रकार आपल्या शहरांत घडतात, आणि शब्दाला शब्द मानणारा माणूस त्यात आधी अडकतो. त्याला ‘सांभाळून राहा’ सांगण्यात अर्थ नाही, कारण सांभाळून म्हणजे काय हे त्या वाक्यात नाही. सांगायचं ते असं: आधी व्हिडिओ कॉल, पहिली भेट दिवसा आणि गर्दीच्या ठिकाणी, एका मित्राला लोकेशन, आणि जागा ऐनवेळी बदलली तर परत फिरायचं. पैशांची मागणी आली तर एक रुपयाही द्यायचा नाही, स्क्रीनशॉट ठेवायचे आणि 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा.

आणि तुमची अशा कुणाशी भेट झाली, मन जुळलं नाही, तर ‘बघू’ म्हणू नका. ‘छान वाटलं भेटून, पण मला पुन्हा भेटायचं नाही’ एवढं लिहून पाठवा. त्याला वाईट वाटेल, पण वाट पाहावी लागणार नाही.