दोन कोटी दहा लाखांची मर्यादा

15 ऑगस्ट 2010 रोजी बिटकॉइनच्या 74,638व्या ब्लॉकमध्ये एक व्यवहार नोंदला गेला. जेमतेम अर्ध्या बिटकॉइनच्या जमेवर त्यात दोन खात्यांना मिळून 18,446 कोटींहून अधिक बिटकॉइन देण्यात आले होते. ही नाणी अस्तित्वात असणंच शक्य नव्हतं, कारण बिटकॉइनची कमाल संख्या 2 कोटी 10 लाख असणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं.

चूक बेरजेत होती. दोन्ही खात्यांच्या रकमा मुद्दाम इतक्या अवाढव्य ठेवल्या होत्या, की त्यांची बेरीज संगणकाच्या आकडा साठवण्याच्या जागेत मावली नाही. स्कूटरच्या मीटरवर सगळे नऊ आले की पुढच्या किलोमीटरला तो शून्यावर जातो, तसा हा हिशेब पलटून वजा आकड्यावर आला. ‘जमेपेक्षा खर्च जास्त नाही ना’ एवढंच तपासणाऱ्या प्रणालीला वजा आकड्यात काही गैर दिसलं नाही. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने वावरणाऱ्या निर्मात्याने काही तासांत दुरुस्त आवृत्ती दिली. जगभर विखुरलेल्या लोकांनी ती आपापल्या संगणकांवर चढवली आणि तो ब्लॉक अमान्य धरून त्याच्या आधीच्या ब्लॉकपासून नवी साखळी विणायला घेतली. 74,691व्या ब्लॉकपाशी नवी साखळी जुनीपेक्षा लांब झाली, आणि 18,446 कोटी नाणी कधी नव्हतीच असं झालं.

ही हकिकत मला फार मोलाची वाटते. मर्यादा ही यंत्रात आपोआप घडणारी गोष्ट नाही, तर अनेक माणसांनी मिळून राखलेला नियम आहे, हे तिच्यात उघड दिसतं.

त्या नियमाची रचनाही पाहण्यासारखी आहे. बिटकॉइनची नवी नाणी एकाच वाटेने येतात. जो मायनर नवा ब्लॉक जोडतो, त्याला बक्षीस म्हणून ती मिळतात. 2009 मध्ये हे बक्षीस 50 नाण्यांचं होतं. दर 2,10,000 ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण चार वर्षांनी, ते निम्मं होतं. आज्ञावलीत हे काम या दोन ओळी करतात:

```
CAmount nSubsidy = 50 * COIN;
nSubsidy >>= halvings;
```

नाण्यांची संख्या ठरवणाऱ्या या ओळींत 2 कोटी 10 लाख हा आकडाच नाही. 50 अधिक 25 अधिक साडेबारा, अशी निम्म्याची बेरीज कितीही लांबवली तरी ती 100च्या पुढे जात नाही. 100ला 2,10,000ने गुणलं की 2 कोटी 10 लाख येतात. पुढे कधीतरी बक्षिसाची रक्कम नाण्याच्या दहा कोटीव्या भागापेक्षाही लहान होईल आणि शून्य धरली जाईल. तो दिवस 2140च्या आसपास येईल. एप्रिल 2024 मध्ये चौथ्यांदा निम्मं होऊन बक्षीस 3.125 नाण्यांवर आलं, तोवर 1 कोटी 96 लाख 87 हजार 500 नाण्यांचा कोटा पूर्ण झाला होता. आता वर्षाला सुमारे पाऊण ते एक टक्का भर पडते. माणसाने आजवर उपसलेलं सोनं दोन लाख टनांहून अधिक आहे आणि खाणी दरवर्षी त्यात सुमारे पावणेदोन टक्क्यांची भर घालतात. म्हणजे नव्या पुरवठ्यापुरतं पाहिलं, तर हे नाणं सोन्याहूनही चिवट झालं आहे.

सोन्याशी तुलना सातोशीच्या 2008च्या मूळ निबंधातच आहे. तिथे नवी नाणी काढणाऱ्यांना सोन्याच्या खाणीत कष्ट उपसणाऱ्यांची उपमा दिली आहे. पण एका ठिकाणी ही उपमा फाटते, आणि तिथेच बिटकॉइनची खरी करामत आहे. सोनं महागलं की माणसं जास्त खोल खणतात, हलकं धातुकही उपसतात, नवं तंत्र शोधतात. 1887 मध्ये ग्लासगोत सायनाइडने सोनं वेगळं करण्याची पद्धत निघाली. काही वर्षांत दक्षिण आफ्रिकेच्या विटवॉटर्सरँडमधलं हलकं धातुकही परवडू लागलं आणि जगात सोन्याचा ओघ वाढला. तेव्हा बऱ्याच देशांचं चलन सोन्याला बांधलेलं होतं. दोन दशकं उतरत आलेले भाव 1896 नंतर चढू लागले. सोन्यालाही त्याच्या परीने भाववाढ होते, ती अशी.

बिटकॉइन महागलं की नवी यंत्रं मायनिंगला लागतात, पण नाणी जास्त येत नाहीत. दर 2,016 ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, प्रणाली मागे वळून पाहते. ब्लॉक दहा मिनिटांपेक्षा लवकर निघाले असतील तर ब्लॉक जोडण्यासाठी सोडवावं लागणारं कोडं अवघड होतं, उशिरा निघाले असतील तर सोपं. 2021 मध्ये चीनने मायनिंगवर बंदी आणली आणि जगभरातल्या यंत्रांचा मोठा हिस्सा अचानक बंद पडला. ब्लॉक रेंगाळू लागले. 3 जुलैला कोड्याचं काठिण्य एका झटक्यात सुमारे 28 टक्क्यांनी उतरलं आणि हळूहळू घड्याळ पुन्हा लागलं. कुणी बैठक बोलावली नाही, कुणी आदेश काढला नाही. मागणीकडे पूर्ण पाठ फिरवून स्वतःच्या वेळापत्रकाने चालणारा पुरवठा निसर्गातल्या कुठल्या धातूला जमलेला नाही.

इथवर ‘डिजिटल सोनं’ म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम आहे. पुढची पायरी मात्र जपून चढावी लागते. नाण्यांची संख्या ठरलेली आहे म्हणून ते महागाईपासून वाचवेल, असं ते म्हणतात. पण महागाईपासून वाचायचं तर लागतं ते खरेदीच्या ताकदीचं स्थैर्य, आणि ती ताकद संख्येइतकीच मागणीवरही ठरते.

दोन तारखा शेजारी ठेवून पाहू. 10 नोव्हेंबर 2021 रोजी अमेरिकेत ऑक्टोबरच्या महागाईचा आकडा आला: 6.2 टक्के, तीस वर्षांतला सर्वाधिक. त्याच दिवशी बिटकॉइनने सुमारे 69,000 डॉलरचा उच्चांक गाठला. सिद्धान्त जणू डोळ्यांदेखत खरा ठरत होता. दुसरी तारीख 13 सप्टेंबर 2022. ऑगस्टची महागाई 8.3 टक्के निघाली, अंदाजापेक्षा जास्त. बातमी त्याच जातीची, पण या वेळी बिटकॉइन एका दिवसात सुमारे दहा टक्क्यांनी कोसळलं. शेअर बाजारही त्याच दिवशी जोरात आपटला.

मधल्या काळात व्याजदर बदलले होते. पहिल्या तारखेला अमेरिकेचा व्याजदर शून्याजवळ होता. मार्च 2022 पासून फेडरल रिझर्व्हने तो चढवायला सुरुवात केली, त्यामुळे महागाईची प्रत्येक वाईट बातमी म्हणजे आणखी व्याजवाढीची चाहूल झाली. सोनं काय किंवा बिटकॉइन काय, दोन्ही व्याज देत नाहीत. घरबसल्या चांगलं व्याज मिळू लागलं की बिनव्याजी वस्तू धरून ठेवण्याचा मोह ओसरतो. सोनंही त्या वर्षात थोडं उतरलं. नोव्हेंबर 2022 मध्ये ते आदल्या वर्षापेक्षा काही टक्क्यांनी खाली होतं. बिटकॉइन मात्र 16,000 डॉलरच्या आसपास आलं होतं, म्हणजे तीन चतुर्थांश किंमत गेली होती. त्यात एफटीएक्स या बाजारपेठेच्या दिवाळखोरीचाही हात होता.

हा फरक त्याच कौतुकास्पद वेळापत्रकातून येतो, असं मला वाटतं. सोन्याची मागणी वाढली की खाणींच्या कितीतरी आधी घराघरांतल्या जुन्या बांगड्या आणि पाटल्या सराफाकडे मोडीत जातात. भाव पडला की लग्नाचे दागिने घेणारे पुढे येतात. मागणीच्या लाटेचा थोडा भार पुरवठा आणि दागिन्यांची हौस उचलतात. बिटकॉइनचाही धनी भाव चढल्यावर नाणं विकतो, पण त्याचा दागिना होत नाही आणि भाव पडल्यावर ते वापरासाठी म्हणून घेणारं गिऱ्हाईक फारसं नसतं. उत्साह आणि भीती, दोन्हींचा सगळा भार किमतीवर येतो. मर्यादा जितकी कडक, तितकी किंमत अस्थिर.

समर्थकांचं यावर उत्तर आहे आणि ते हलकं नाही. एका वर्षाची परीक्षा तर सोनंही नापास होतं, असं ते म्हणतात. जानेवारी 1980 मध्ये सोन्याने 850 डॉलर गाठले. 2001 मध्ये ते 300 डॉलरच्याही खाली होतं, आणि त्या काळात अमेरिकेतले भाव दुपटीहून अधिक झाले होते. तरीही सोन्याला कुणी खोटं म्हणत नाही, कारण त्याचा हिशेब पिढ्यांचा असतो. शिवाय मार्च 2020 मध्ये 5,000 डॉलरच्या खाली गेलेलं बिटकॉइन, सरकारं नोटा ओतत असताना, वीस महिन्यांत 69,000 वर पोचलं, म्हणजे महागाई यायच्या आधीच त्याने तिची दखल घेतली.

पहिला मुद्दा मला मान्य आहे. दुसरा मान्य करायला जड जातो. वीस महिन्यांत तेरा पटीहून जास्त वाढ हे कुठल्याच महागाईचं माप नाही. ती नव्या लोकांच्या आगमनाची वाढ होती: आधी हौशी, मग फंड, मग कंपन्या. असा प्रवेश एकदा होतो. ज्या दिवशी सगळे येऊन बसतील, त्या दिवसापासून हे नाणं महागाईशी कसं वागतं ते कळायला लागेल. शिखरावर घेणाऱ्याला मूळ किंमत मार्च 2024 मध्ये दिसली, आणि मधली अमेरिकी महागाई धरून बरोबरी व्हायला नोव्हेंबर 2024 उजाडला. तीन वर्षं थांबू शकणाऱ्याचं भागलं. मधेच मुलाच्या फीसाठी पैसे काढावे लागलेल्याचं नाही.

मर्यादेपुढेही एक न सुटलेला प्रश्न आहे. बक्षीस आटत जाईल तसा मायनरचा खर्च व्यवहारशुल्कातून निघायला हवा. शुल्क अपुरं पडलं तर साखळीची राखण कमकुवत होईल, आणि मर्यादा थोडी सैल करून कायमचं लहान बक्षीस ठेवावं, असं सुचवणारे तंत्रज्ञ आजही आहेत. बहुसंख्य वापरकर्ते त्याला ठाम नकार देतात. 2010च्या ऑगस्टसारखाच हा निर्णयही माणसांच्याच हातात असेल.

रुपयात बचत करणाऱ्यासाठी आणखी एक हिशेब आहे, आणि तो नाण्याच्या गुणांशी संबंधित नाही. समजा एक लाख रुपये गुंतवले आणि पाच वर्षं नाण्याचा भाव नेमका 6 टक्के महागाईइतकाच वाढला. हातात 1,33,823 रुपये येतील. ढाल म्हणून नाण्याने काम चोख केलं. पण भारतात एप्रिल 2022 पासून अशा नफ्यावर 30 टक्के कर आणि त्यावर उपकर आहे, तोही महागाई वजा न करता. सुमारे 10,550 रुपये जातात आणि खरेदीची ताकद मूळ लाखाच्या खाली येते. सोन्याच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर जुलै 2024 पर्यंत महागाई वजा करून कर लागत असे. आता ती सवलत गेली असली तरी दर साडेबारा टक्के आहे, आणि त्याच हिशेबात सोनेधारकाचे सुमारे 4,400 रुपये जातात. नाण्यात एका वर्षी तोटा झाला तर तो दुसऱ्या नफ्यातून वजाही करता येत नाही. तेव्हा इथे नुसती बरोबरी साधायलाच नाण्याला दरवर्षी महागाईपेक्षा सुमारे दोन टक्के जास्त वाढावं लागेल.